चाळीस पिशव्यांना अडीचशेचा दर: नाही कसं म्हणायचं आणि का

डिसेंबर उजाडला की कापडी पिशव्यांवर छपाई करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर हळदीकुंकवाच्या वाणाच्या चौकशा सुरू होतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हे गिऱ्हाईक बहुतेक घरगुती असतं, संख्या लहान असते आणि मेसेज साधारण असा असतो:

«दादा, मैत्रिणीच्या सोसायटीला तुम्ही ५२ रुपयांनी पिशव्या दिल्यात ना? मला ४० हव्यात, वर आमचं नाव आणि हळदीकुंकवाचं चित्र. तोच रेट लावा. पुढच्या वर्षी पण तुमच्याकडूनच घेईन.»

मेसेजमध्ये वावगं काही नाही. तिनं पिशवी पाहिली, भाव विचारला, तोच भाव मागितला. सोसायटीची ऑर्डर २५० पिशव्यांची होती हे एक तर तिला कुणी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असलं तरी त्यानं एवढा फरक का पडावा हे तिला पटलेलं नसेल. पिशवी तीच, कापड तेच, शाईही तीच. मग ही ५२ ला आणि ती ७४ ला का? उत्तर लिहिण्याआधी ते गणित आपल्याला स्वतःला स्वच्छ दिसलं पाहिजे. नाहीतर आपण «परवडत नाही हो ताई» एवढंच लिहून मोकळे होतो, आणि तिथून घासाघीस सुरू होते.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये खर्च दोन जातींचा असतो. एक पिशवीगणिक लागतो आणि दुसरा डिझाइनगणिक. एका डिझाइनसाठी काय काय होतं ते पाहा. आधी चित्र आणि नाव मांडून त्याची काळी फिल्म काढायची. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला अंधाऱ्या जागी इमल्शन लावून वाळवायचं, त्यावर फिल्म ठेवून उजेड द्यायचा आणि पाण्यानं धुवायचं. फिल्मवर जिथं काळं होतं तिथलं इमल्शन धुऊन निघतं, जाळी मोकळी होते आणि पुढं शाई तिथूनच खाली उतरते. मग स्क्रीन टेबलावर बसवायची, पिशवी कुठं ठेवायची त्याच्या खुणा करायच्या, रंग कालवायचा आणि रद्दी कापडावर दोन-चार हात मारून पाहायचे. सुरुवातीच्या पिशव्या हमखास बिघडतात. कुठं जाळीतल्या बारीक छिद्रातून ठिपका पडतो, तर कुठं अक्षराची कड फुटते. काम संपल्यावर स्क्रीन लगेच धुवावी लागते, कारण शाई जाळीत वाळली तर ती चोक होते. एवढं सगळं एका पिशवीसाठीही करावंच लागतं आणि हजारांसाठीही तेवढंच असतं.

आता याला आकडे लावू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या गावात कापड, शिलाई आणि मजुरी वेगळी असेल, तेव्हा आपले आकडे घालून बघा. समजा एका रंगाच्या डिझाइनला फिल्मचे १५० रुपये, स्क्रीन तयार करायचे २५०, टेबल लावणं, रंग कालवणं आणि शेवटची धुलाई यांची मजुरी ३००, आणि बिघडणाऱ्या पिशव्यांचे १०० असा खर्च येतो. एकूण ८०० झाले. पिशवीगणिक खर्चात मांजरपाटाची शिवलेली कोरी पिशवी ३२ रुपयांची, तर शाई, छपाईचा हात, वाळवणं, घडी आणि गठ्ठा मिळून आठ रुपये. म्हणजे ४० रुपये.

चाळीस पिशव्यांवर ते ८०० वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला २० येतात आणि पिशवी आपल्यालाच ६० रुपयांना पडते. शंभरांवर वाटले तर वाट्याला आठ येतात आणि पिशवी ४८ ला पडते. अडीचशेला आणखी एक गोष्ट घडते. शिवणारा कारागीर २५० च्या पुढं कोरी पिशवी ३२ ऐवजी २९ ला देतो, कारण तोही कापडाचे थर लावून एकदम कापतो. तिथं आपला पिशवीगणिक खर्च ३७ होतो, त्यात डिझाइनच्या खर्चाचे ३ रुपये २० पैसे मिळवले की ४० रुपये २० पैसे. सोसायटीला ५२ चा दर परवडतो तो असा.

यावरून बनलेलं दरपत्रक, एक रंग, एकच डिझाइन:

३० ते ४९ पिशव्या: ७४ रुपये
५० ते ९९: ६८ रुपये
१०० ते २४९: ६० रुपये
२५० पासून पुढं: ५२ रुपये

आता ताईंची मागणी यात घालून पाहा. चाळीस पिशव्या आपल्याला २,४०० रुपयांना पडतात. ५२ च्या दरानं तिच्याकडून २,०८० येतील, म्हणजे खिशातले ३२० जातील. बरं, थोडं मनावर घेऊन शंभराचा दर लावला, ६० चा, तरी बरोबर २,४०० येतात. दिवस गेला, हाती काही नाही. आपल्या पायरीच्या दरानं, ७४ नं, २,९६० येतात आणि ५६० उरतात. तेव्हा हा दर लहान गिऱ्हाइकाला केलेला दंड नाही. उलट त्या पायरीवर पिशवीमागं उरतात १४ रुपये, तर सोसायटीच्या ऑर्डरीत पिशवीमागं जवळपास १२. फरक दोनच रुपयांचा आहे. बाकीचे २० रुपये फिल्म, स्क्रीन आणि कारागिराच्या सवलतीत गेलेले आहेत.

पण हे सगळं तिला लिहायचं नाही. आपली खरेदी, मजुरी आणि नफा उघडून ठेवला की बोलणं दरावरून आपल्या हिशोबावर घसरतं. «कारागिराला तीन रुपये कमी द्या ना» इथपर्यंत सल्ले येतात. तिला हवंय कारण, तेही एका वाक्यात कळेल असं. उत्तर साधारण असं जावं:

«नमस्कार ताई. ४० पिशव्या, एका रंगात, तुमचं नाव आणि चित्र: दर ७४ रुपये, एकूण २,९६०. ५२ चा दर एकाच डिझाइनच्या २५० पिशव्यांपासून पुढं लागतो, सोसायटीची ऑर्डर तेवढी होती. प्रत्येक नव्या डिझाइनसाठी फिल्म आणि स्क्रीन नव्यानं करावी लागते. तो खर्च ४० पिशव्यांवर वाटला जातो तेव्हा दर वाढतो, २५० वर वाटला की कमी होतो. तुमच्या सर्वांत जवळची पायरी ५० ची आहे. ५० घेतल्या तर सगळ्या पन्नास पिशव्यांना ६८ चा दर, एकूण ३,४००. म्हणजे ४४० रुपयांत दहा पिशव्या जास्त येतात. ४० च पुरेशा असतील तर काहीच हरकत नाही. नक्की संख्या गुरुवारपर्यंत कळवा, शुक्रवारी छपाई लावतो.»

यातला क्रम मुद्दाम तसा आहे. पहिल्या ओळीत तिनं विचारलेल्या ४० चाच भाव आणि एकूण रक्कम आहे. पुष्कळ जण इथं आधी अख्खं दरपत्रक पाठवतात आणि गिऱ्हाइकाला गुणाकार करायला लावतात. चार पायऱ्या एकदम पाहिल्या की नजर थेट ५२ वर जाते आणि बाकीचे आकडे महागच दिसतात. ४० मागणाऱ्या बाईला २५० घेण्याचा आग्रहही निरर्थक आहे, एवढ्या पिशव्या ती ठेवणार कुठं? तिच्या कामाची फक्त पुढची एक पायरी. ५२ चा उल्लेख आला तो तिनं स्वतः विचारला म्हणून, आणि त्याच्यासोबत लगेच संख्या आली.

«सगळ्या पन्नास पिशव्यांना» हे शब्द गाळू नका. आपल्याकडं स्लॅब म्हटलं की लोकांना विजेचं बिल आठवतं. तिथं पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, आणि वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. तिथं तर वापर वाढला की दर चढतो. त्यामुळं काहींना वाटतं की पहिल्या ४९ पिशव्या ७४ नं आणि पन्नासावी तेवढी ६८ नं. आपल्याकडं पायरी ओलांडली की पहिल्या पिशवीपासून नवा दर, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि सांगितल्यावर पन्नासात खरंच काही मिळतंय हे तिला दिसतं.

सगळ्या नगांना एकच दर लावण्याच्या पद्धतीत एक गंमत आहे, ती दरपत्रक लावणाऱ्यानं आधीच बघून ठेवावी. ४५ पिशव्या ७४ नं ३,३३० होतात. ४६ झाल्या की ३,४०४. आणि ५० पिशव्या ६८ नं ३,४०० च! म्हणजे ४६ ते ४९ मागणाऱ्याला ५० घेणंच स्वस्त पडतं. वरच्या पायरीवरही तेच. ८९ पिशव्यांचे ६,०५२ होतात आणि १०० चे ६,०००. कुणी ४७ मागितल्या तर त्याला गुपचूप ३,४७८ चं बिल करू नये. तो घरी जाऊन हिशोब करतोच, आणि मग आपण फसवलं असं त्याला वाटतं. «४७ पेक्षा ५० स्वस्त पडतील, ५० करू का?» एवढं आपणच विचारलेलं बरं. हे उंबरठे, ४६ आणि ८९, वहीत लिहून ठेवले की उत्तर देताना थांबावं लागत नाही.

याच ठिकाणी आपली बाजूही तपासायची असते. ४० वरून ५० वर गिऱ्हाईक नेलं तर दहा जादा पिशव्यांचे आपल्याला ४४० मिळतात आणि त्यांचा खर्च ४०० येतो. उरतात ६००, आधी ५६० उरत होते. ठीक आहे. पण समजा दर देखणा दिसावा म्हणून ५० च्या पायरीला ६२ ठेवले असते, तर ५० चे ३,१०० झाले असते. दहा पिशव्या जास्त छापून फक्त १४० जास्त मिळाले असते आणि नफा ५६० वरून ३०० वर आला असता. गिऱ्हाईक खूश, ऑर्डर मोठी, आणि आपण जास्त राबून कमी कमावतोय. अशी पायरी वरून फार छान दिसते. म्हणून प्रत्येक पायरीच्या अगदी सुरुवातीच्या संख्येला, म्हणजे ३०, ५०, १०० आणि २५० ला, खर्च आणि विक्री समोरासमोर मांडून बघावी. पायरीतली सर्वांत पडती ऑर्डर तिथंच असते. आपल्या पत्रकात ३० पिशव्यांना २,२२० येतात, २,००० खर्च होतात, २२० उरतात. तीसच्या खाली ऑर्डर न घेण्याचं कारण तेच.

आता ताईंचं दुसरं उत्तर येतं, ते बहुधा असं: «४० च घेते हो, पण ६८ नं द्या ना. सहा रुपयांनी काय होतंय?» चाळीस गुणिले सहा, २४० होतात, आणि आपले ५६० चे ३२० होतात. माझं मत असं की इथं नुसता आकडा कमी करू नये. पायरीचा दर एकीला बिनकारण सोडला की तो दर कुणासाठीच उरत नाही. हळदीकुंकवाला पन्नास बायका जमतात आणि भाव पिशवीपेक्षा आधी घरोघर पोचतो. सूट द्यायचीच असेल तर जिथं आपला खर्च खरोखर वाचतो तिथून द्यावी. तशा दोन जागा आहेत.

एक म्हणजे तयार स्क्रीन. «तिळगूळ घ्या, गोड बोला» असं लिहिलेलं, नाव नसलेलं डिझाइन सीझनभर टेबलावर असतंच. त्यात तिची पिशवी छापली तर फिल्म आणि स्क्रीनचे ४०० वाचतात, चाळीस पिशव्यांवर वाटले तर दहा रुपये. तिला ६४ नं, २,५६० ला देता येतं आणि आपले ५६० तसेच राहतात. नाव हवंच असेल तर कागदी टॅगवर लिहून पिशवीच्या बंदाला बांधता येतं, ते घरी मुलंही करतात.

दुसरी जागा म्हणजे शेजारीण. त्याच बिल्डिंगमध्ये आणखी कुणी ४० घेत असेल आणि दोघींचं डिझाइन एकच असेल, तर ती एकच ८० ची ऑर्डर होते, दोघींना ६८. पण इथं अट स्पष्ट हवी: डिझाइन एक, बिल एक, पोचवायची जागा एक. कुणी म्हणतं, आम्ही तिघी मिळून १२० घेतो, प्रत्येकीचं नाव मात्र वेगळं. त्या आपल्यासाठी १२० नाहीतच. तीन फिल्मा, तीन स्क्रीन, टेबल तीनदा लावायचं आणि तीनदा धुवायचं. कोऱ्या पिशव्या एकदम आणल्या तरी कारागिराच्या २५० ला त्या पोचत नाहीत. तिघींनाही ४० चाच दर लागतो, आणि हे ऑर्डर घेताना सांगितलं तर चालतं, बिल देताना सांगितलं तर भांडण होतं.

«पुढच्या वर्षी पण घेईन» या वचनावर आत्ताचा दर ठरवता येत नाही. यंदाची स्क्रीन यंदाच लागणार आहे. फार तर फिल्म जपून ठेवतो म्हणावं. फिल्म सपाट ठेवली की जागा खात नाही, पुढच्या खेपेला १५० तेवढे कमी. तयार स्क्रीन वर्षभर अडकवून ठेवण्याचा शब्द देऊ नये, कारण इमल्शन उतरवून तीच जाळी दुसऱ्या कामाला घ्यायची असते.

वाढीव संख्येचंही तसंच. तिनं ४० सांगितल्या आणि छपाईच्या आदल्या दिवशी फोन आला की आणखी दहा करा, तर खुशाल ५० चा दर लावा. टेबल अजून लागलेलं नाही. छपाई होऊन स्क्रीन धुतल्यावर तोच फोन आला तर त्या दहा पिशव्यांसाठी टेबल पुन्हा लावायचं, रंग पुन्हा कालवायचा, दोन-तीन पिशव्या पुन्हा बिघडायच्या. इमल्शन उतरवलं नसलं तरी ४०० वर ४०० खर्च होतो आणि एकत्र दरानं मिळतात ४४०. म्हणून मेसेजमध्ये तो गुरुवार लिहिलेला आहे. उलट दिशेनंही तोच नियम: शंभर सांगून साठ घेतल्या तर दर साठचा, म्हणजे ६८ चा. ॲडव्हान्स घेताना ही ओळ पावतीवर लिहिली की काम भागतं.

पत्रकात «५० च्या वर ६८» असं लिहू नका. मग बरोबर पन्नास घेणारा कुठल्या दरात बसतो यावरून वाद होतो. «५० ते ९९» असं दोन्ही टोकांनी लिहावं. जीएसटी धरून की सोडून, तेही तिथंच. छपाईत दोन पिशव्या बिघडून ४८ च हाती आल्या तर तो आपला प्रश्न, दर पन्नासचाच राहतो. कोऱ्या पिशव्या चार जास्त आणायच्या त्या त्यासाठीच.

राहिला शेवटचा मेसेज, «दुसरीकडं ४० पिशव्या ५० रुपयांनी मिळतायत.» मिळतही असतील. चिडून उपयोग नाही, फक्त पिशवी कुठली हे विचारावं. पुष्कळदा ती नॉन-वोव्हन निघते. हाताला कापडासारखी लागते पण असते पॉलीप्रॉपिलीनची, प्लास्टिकच. तिला ना धागा आहे ना वीण, आणि ती बरीच स्वस्त पडते. कधी कापड खरंच सुती असतं पण पातळ, उजेडात धरलं की आरपार दिसतं. कधी नाव छापायचे पैसे वेगळे असतात आणि ते मागाहून कळतात. «ताई, ती पिशवी कापडाची आहे का, आणि नाव धरून भाव आहे का, एवढं विचारून घ्या» असं लिहावं. आणि मांजरपाटाचीच, नाव छापून, चाळीस, पन्नास रुपयांना कुणी खरंच देत असेल, तर तिनं तिथूनच घ्याव्यात. आपल्याला त्या साठला पडतात.